स्कार्लेट फीवर: पुरळ आपोआप जातं, मग घशाचा स्वॅब आणि दहा दिवसांचं पेनिसिलिन कशाला?

प्रश्न: मुलगी साडेसहा वर्षांची, वजन १८ किलो. तीन दिवसांपासून ताप, घसा खूप दुखतोय, काल दोनदा उलटी झाली. आज अंगावर बारीक खरखरीत पुरळ आहे आणि जीभ विचित्र दिसतेय, पांढरी आणि त्यावर लाल ठिपके. एका डॉक्टरांनी ॲझिथ्रोमायसिन लिहून दिलं तीन दिवसांचं, ते अजून सुरू केलं नाहीये. दुसऱ्या म्हणाल्या स्कार्लेट फीवर वाटतोय, आधी घशाचा स्वॅब द्या, मग दहा दिवस अमॉक्सिसिलिन. सासूबाई म्हणतात गोवर आहे, औषध देऊन आत दाबू नका. पुरळ तर आपोआप जातं असं सगळीकडे लिहिलंय, मग स्वॅब आणि दहा दिवसांचं औषध खरंच लागतं का?

उत्तर:

ताई, दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका. ॲझिथ्रो सुरू केलं नाहीये ते बरंच झालं, कारण अँटिबायोटिकचा एक जरी डोस पोटात गेला तरी स्वॅबमधून जंतू सापडायची शक्यता कमी होते. आज स्वॅब द्या आणि स्वॅब दिल्या दिल्या आजच पेनिसिलिनच्या घरातल्या अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस द्या, इतकं टिपिकल चित्र असेल तर रिपोर्टसाठी थांबून मुलीला आणखी दोन दिवस तापात ठेवायची गरज नाही. रिपोर्ट आला की पुढचे दिवस चालू ठेवायचं की बंद करायचं ते डॉक्टर ठरवतील. हे झालं थोडक्यात, आता का ते सांगतो, जरा लांबेल.

आधी एक गोष्ट मात्र बघून घ्या. मुलगी लाळ गिळत नसेल, तोंडातून लाळ गळत असेल, श्वासाला आवाज किंवा त्रास असेल, तोंड नीट उघडता येत नसेल, मान एका बाजूला सुजून ताठ झाली असेल, पाणीसुद्धा पीत नसेल, खूप सुस्त असेल, किंवा पुरळ जांभळं असून बोटाने दाबल्यावर फिकं पडत नसेल, तर ओपीडीची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा. यातलं काही नसेल तर पुढे वाचा.

पुस्तकातले स्कार्लेट फीवरचे फोटो गोऱ्या मुलांचे असतात, लालभडक अंग, लालभडक गाल. आपल्या सावळ्या मुलांत ती लाली बऱ्याचदा दिसतच नाही आणि मग आई म्हणते पुरळ नाहीये, डॉक्टरही ट्यूबलाइटखाली घाईत बघतो आणि तोही म्हणतो नाहीये. हे पुरळ डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळतं. मुलीच्या पोटावरून आणि दंडाच्या आतल्या बाजूने हाताची पालथी बाजू हलकेच फिरवा, सुताराच्या बारीक पॉलिश पेपरवरून हात फिरवल्यासारखं लागलं तर ते हेच. तुम्ही स्वतःच ‘खरखरीत’ लिहिलंय, मला तुमच्या प्रश्नातला तोच शब्द सगळ्यात महत्त्वाचा वाटला. साधारण ताप आल्यावर एक-दोन दिवसांत मान, छाती, काखा इथून सुरू होतं आणि दिवसभरात अंगभर पसरतं. तळहात-तळपायांवर सहसा नसतं. गाल लाल पण ओठांभोवतीची जागा फिकी, हेही दिसतं, सावळ्या मुलांत नीट उजेडात बघावं लागतं. मग कोपराच्या आतली घडी, काख आणि जांघ बघा, तिथे घडीच्या रेषेत पुरळ जास्त दाट होऊन गडद आडव्या रेषा उमटतात, त्यांना पास्टियाच्या रेषा म्हणतात आणि बाकीचं पुरळ दाबल्यावर फिकं पडलं तरी या रेषा तशाच राहतात. गडद त्वचेत मला तर या रेषांचाच जास्त आधार वाटतो.

आता जीभ. ‘स्ट्रॉबेरी टंग’ म्हटलं की सगळ्यांना लाल जीभच डोळ्यासमोर येते, पण पहिले दोन-तीन दिवस ती पांढरीच असते, वर पांढरा थर आणि त्यातून लाल दाणे डोकावतात, म्हणजे तुम्ही लिहिलंय तेच. चौथ्या-पाचव्या दिवशी तो थर निघून जातो आणि खाली लालबुंद दाणेदार जीभ उरते. म्हणून जीभ बघताना ‘आजारपणाचा कितवा दिवस’ हे आधी विचारायचं असतं. आणि हो, आधी खाल्लंय काय तेही विचारायचं, लाल पेप्सीकोला चोखून आलेल्या मुलांच्या जिभेचे फोटो मला व्हॉट्सॲपवर नेहमी येतात. रंग पुसून जातो, दाणे पुसून जात नाहीत, एवढा फरक.

गोवर आहे का, हा सासूबाईंचा प्रश्न अगदीच चुकीचा नाहीये, पण गोवरात सर्दी, कोरडा खोकला, लाल पाणावलेले डोळे हे आधी तीन-चार दिवस असतं आणि मग पुरळ कानामागून-चेहऱ्यावरून खाली उतरतं, डाग मोठे, एकमेकांत मिसळणारे, हाताला असे खरखरीत नाहीत. तुमच्या मुलीला खोकला-सर्दीचा तुम्ही उल्लेखच केला नाहीये. औषध देऊन ‘आत दाबलं जाणं’ असं काही होत नाही, ना गोवरात ना यात. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली तर माझी काही हरकत नाही, फक्त पाला वाटून अंगाला लेप लावू नका, आधीच चुरचुरणारी कातडी आणखी चुरचुरते.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. पुरळ आपोआप जातं हे शंभर टक्के खरं आहे. आठवड्याभरात जातं, औषध न देताही जातं. तापही तीन ते पाच दिवसांत आपोआप उतरतो. इथेच गोम आहे, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुठलंही औषध सुरू केलं, ॲझिथ्रो असो, साधं खोकल्याचं सायरप असो नाहीतर नुसता काढा असो, दोन दिवसांत मूल बरं दिसतं आणि श्रेय त्या औषधाला जातं. पण आपण पुरळावर उपचार करतच नसतो. पुरळ म्हणजे घशात बसलेल्या ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस, थोडक्यात स्ट्रेप, या जंतूने सोडलेल्या विषाची अंगावर उमटलेली खूण आहे. जंतू स्वतः घशात, टॉन्सिलवर असतो आणि ताप उतरला, पुरळ गेलं तरी तो तिथे आठवडेच्या आठवडे राहू शकतो.

हे नीट समजावं म्हणून माझ्या ओपीडीतली एक केस सांगतो. पहिलीतली मुलगी, ताप आणि पुरळ दुसऱ्या दिवशी, सगळं चित्र तुमच्या मुलीसारखंच. बरोबर तिचा चौथीतला दादा आला होता, आई म्हणाली याचा काल नुसता घसा धरलाय, थोडा ताप आहे, याला काही नाही, पुरळबिरळ नाही अंगावर. दादाच्या टॉन्सिलवर पांढरे ठिपके होते, जबड्याखालच्या गाठी दुखत होत्या, खोकला-सर्दी काही नाही. दोघांचेही स्वॅब घेतले आणि लॅबमध्ये दोघांच्याही प्लेटवर तोच जंतू उगवला. आईला हे पटेचना, एकीला पुरळ आणि दुसऱ्याला नाही, मग आजार एकच कसा? तर हे पुरळ त्या विषामुळे येतं, आणि ज्या मुलाच्या अंगात त्या विषाविरुद्ध आधीच प्रतिकारशक्ती तयार झालेली असते त्याला पुरळ येत नाही, नुसता घसा येतो. १९२० च्या दशकात शिकागोत जॉर्ज आणि ग्लॅडिस डिक या डॉक्टर दांपत्याने हे विष वेगळं काढून दाखवलं आणि त्याचा अगदी थोडा अंश कातडीत टोचून कोणाला स्कार्लेट फीवर होऊ शकतो ते ओळखायची टेस्टही काढली होती. पण पुढचा जो खरा धोका आहे तो विषाशी नाही, घशातल्या जंतूशी बांधलेला आहे, म्हणजे पुरळ नसलेल्या दादाला जितका तितकाच पुरळवाल्या बहिणीला. फरक एवढाच की पुरळ आलं तर आईबाप डॉक्टरकडे येतात आणि नुसता घसा असला की मेडिकलवाल्याकडे जातात.

धोका कुठला, तर रुमॅटिक फीवर. घसा बरा झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांनी, सगळे तो ताप विसरून गेलेले असताना, जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. गुडघा सुजतो, तो बरा होतोय तोवर घोटा सुजतो, काही मुलांचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलायला लागतात, अक्षर बिघडतं, हातातला पेला पडतो आणि शाळेतून तक्रार येते की लक्ष नाही. सांधे पूर्ण बरे होतात. हृदयाच्या झडपेचं तसं नसतं, तिथे वण राहतो, पुन्हा पुन्हा स्ट्रेपचा घसा झाला की वाढतो आणि दहा-पंधरा वर्षांनी झडप आखडते. आपल्याकडच्या सरकारी हॉस्पिटलांच्या हृदयरोग विभागात आजही असे तरुण पेशंट येतात, त्यातही पहिल्या बाळंतपणात अचानक दम लागायला लागलेल्या मुली, आणि लहानपणी घसा दुखायचा का विचारलं तर बऱ्याच जणींना आठवतही नाही. प्रत्येक स्ट्रेप घशातून हे होतं असं बिलकुल नाही, बहुसंख्य मुलांना काहीच होत नाही. पण कोणाला होणार हे आधी ओळखायची सोय नाही.

आणि हे टाळता येतं हे माहीत कसं झालं, तर दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वायोमिंगमधल्या वॉरन या लष्करी तळावर. बराकीत दाटीवाटीने राहणारे जवान, थंडी, घशाच्या साथी सतत चालू. रॅमेलकॅम्प, डेनी, वॅनामेकर या डॉक्टर मंडळींनी स्ट्रेप घसा झालेल्या जवानांपैकी निम्म्यांना पेनिसिलिन दिलं आणि निम्म्यांना तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे नुसतं सांभाळलं. १९५० मध्ये निकाल छापून आला, पेनिसिलिन न मिळालेल्या साधारण आठशे जणांत १७ जणांना रुमॅटिक फीवर झाला, मिळालेल्या जवळपास तेवढ्याच जणांत दोघांना. बराकीतल्या साथीतले आकडे आहेत, घरातल्या मुलांत धोका एवढा मोठा नसतो हे मान्य, पण दिशा स्पष्ट आहे. पुढे हेही कळलं की आजार सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केलं तरी हा बचाव मिळतो. म्हणून मी आईबापांना सांगतो की स्वॅबच्या रिपोर्टला एक-दोन दिवस गेले म्हणून घाबरू नका, वेळ हातात आहे.

आता स्वॅब. ‘एवढं टिपिकल असेल तर स्वॅब हवाच कशाला’ असं काही डॉक्टरही म्हणतात, आणि इंग्लंडमध्ये तर टिपिकल चित्र असेल तर स्वॅबशिवायही उपचार सुरू करतात, त्यामुळे ते अगदीच चूक नाहीत. पण आपल्याकडे ताप-पुरळ म्हटलं की गोवर, डेंग्यू, इतर व्हायरस, औषधाची रिॲक्शन, कावासाकी नावाचा आजार एवढी सगळी मंडळी रांगेत असतात, आणि मुलाला दहा दिवस औषध पाजायचं तर ते कशासाठी हे आईला माहीत असलं की ते पूर्ण होतं, नाहीतर चौथ्या दिवशी बंद होतं. मला स्वॅबचा सगळ्यात मोठा उपयोग हाच वाटतो.

स्वॅब नीट घेणं मात्र महत्त्वाचं, आणि निम्मे स्वॅब नीट घेतलेले नसतात असं माझं मत आहे. मुलगी आईच्या मांडीवर, डोकं धरलेलं, टॉर्चचा उजेड, जीभ चमच्याने किंवा लाकडी पट्टीने खाली दाबून काडी दोन्ही टॉन्सिलवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर घासून फिरवायची, नुसती टेकवायची नाही. परत येताना जिभेला, गालाला, पडजिभेला लागू द्यायची नाही. मुलीला उबळ येणारच, डोळ्यात पाणी येणारच, पाच सेकंदांचं काम आहे. मुलगी शांत बसून राहिली आणि तिला काहीच झालं नाही तर काडी बहुतेक जिभेवरच फिरली असं समजा. देण्याआधी बीटाडीनसारख्या जंतुनाशक औषधाच्या गुळण्या करू नका.

लॅबमध्ये ती काडी रक्त घातलेल्या प्लेटवर ओढतात, रक्त मेंढीचं असावं, माणसाच्या रक्ताच्या प्लेटवर हा जंतू तितका नीट ओळखू येत नाही, आणि छोट्या लॅबमध्ये कधीकधी तीच वापरतात म्हणून विचारून घ्या. रात्रभर उबेत ठेवल्यावर या जंतूच्या बारीक ठिपक्यांभोवती रक्त पूर्ण विरघळून पारदर्शक कडं दिसतं, मग बॅसिट्रॅसिनची चकती किंवा ग्रुपिंगचं किट वापरून ग्रुप ए आहे का बघतात. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही तर आणखी एक दिवस ठेवतात, म्हणून फायनल रिपोर्टला दोन दिवस लागतात. काही ठिकाणी दहा मिनिटांचं रॅपिड किटही मिळतं, ते पॉझिटिव्ह आलं तर विश्वास ठेवावा, निगेटिव्ह आलं तर मुलांत वर सांगितलेलं प्लेटवरचं कल्चर करून खात्री करावी कारण ते किट दहातल्या एक-दोन खऱ्या केसेस सोडतं.

रिपोर्टवर ‘ग्रुप ए बीटा हिमोलिटिक स्ट्रेप्टोकोकस’ किंवा ‘स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस’ असेल तरच तो आपला पाहुणा. ‘नॉर्मल थ्रोट फ्लोरा’ म्हणजे निगेटिव्ह. ‘व्हिरिडन्स’ हे घशातले नेहमीचे रहिवासी. कधी ‘क्लेबसिएला’ किंवा ‘स्टॅफ’ असं काही भारी नाव येतं आणि खाली अँटिबायोटिकची लांबलचक यादी, ती बघून आईबाप घाबरतात आणि कोणीतरी इंजेक्शनं सुरू करतं, ते सहसा घशात नुसते बसलेले असतात, त्यांच्यावर उपचार करायचे नसतात. स्वॅबची खरी मर्यादा उलटी आहे. शाळेत जाणाऱ्या साधारण दहातल्या एका मुलाच्या घशात हा ग्रुप ए जंतू काहीही आजार न करता राहत असतो. म्हणून सर्दी, खोकला, आवाज बसलेल्या मुलाचा स्वॅब घ्यायचाच नसतो, तिथे पॉझिटिव्ह आला तरी घसा व्हायरसचाच असतो. आणि म्हणूनच औषध पूर्ण झाल्यावर ‘गेला का बघायला’ पुन्हा स्वॅब करायचा नाही.

एक टेस्ट मात्र आता करून घेऊ नका, एएसओ. रक्तातली ही टेस्ट मागच्या काही आठवड्यांत स्ट्रेप होऊन गेला का ते सांगते, आजच्या घशाबद्दल काहीच सांगत नाही, कारण ती वाढायलाच एक ते तीन आठवडे लागतात आणि मग महिनोन्‌महिने वर राहते. आपल्याकडच्या ठणठणीत मुलांतही ती २०० च्या वर सापडते आणि केवळ त्या आकड्यावर मुलांना वर्षानुवर्षं पेनिसिलिनची इंजेक्शनं टोचलेली मी पाहिली आहेत.

आता पेनिसिलिनच का. ऐंशी वर्षं होऊन गेली, बाकीच्या बहुतेक जंतूंनी पेनिसिलिनला चकवा द्यायचे मार्ग शोधले, या एका जंतूने अजून नाही, पेनिसिलिनला खऱ्या अर्थाने दाद न देणारा ग्रुप ए स्ट्रेप पेशंटमध्ये आजवर सापडलेला नाही. ॲझिथ्रोमायसिनचं तसं नाही. २०११ मध्ये हाँगकाँगमध्ये स्कार्लेट फीवरची मोठी साथ आली तेव्हा तिथल्या बहुतेक जंतूंवर ॲझिथ्रोच्या गटाची औषधं चालत नव्हती. आपल्याकडेही असे जंतू सापडतात, आणि सर्दीपासून जुलाबापर्यंत सगळ्याला तीन गोळ्यांची ती स्ट्रिप द्यायची सवय बघता आश्चर्य कसलं. शिवाय घशातल्या स्ट्रेपसाठी ॲझिथ्रोचा डोसच वेगळा, किलोला १२ मिलिग्रॅम दराने पाच दिवस लागतो, नेहमीचा किलोला १० चा तीन दिवसांचा डोस अपुरा पडतो. ज्यांना पेनिसिलिनची खरी ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी ते राखून ठेवलेलं औषध आहे. खरी म्हणजे औषध दिल्यावर तासाभरात गांध्या उठणं, ओठ-डोळे सुजणं, श्वास अडकणं. जुलाब झाले किंवा आजोबांना ॲलर्जी होती ही तुमच्या मुलीची ॲलर्जी नव्हे. ‘क्लॅव’ लावलेलं अमॉक्सिसिलिनही नको, या जंतूला त्या जोडीची गरजच नाही, फक्त जुलाब वाढतात.

पेनिसिलिन व्ही हे तोंडाने घ्यायचं मूळ औषध आपल्याकडे बऱ्याच दुकानांत मिळत नाही, म्हणून त्याच घरातलं अमॉक्सिसिलिन. डोस किलोला दिवसाला ५० मिलिग्रॅम, एकूण १००० च्या वर नाही. तुमची मुलगी १८ किलोची, म्हणजे दिवसाला ९०० मिलिग्रॅम. ५ मिलीमध्ये २५० वालं सायरप असेल तर दिवसाचे १८ मिली, एकदम नको वाटलं तर सकाळी ९ मिली आणि रात्री ९ मिली. दहा दिवसांचे झाले १८० मिली. आणि ती पावडरची बाटली पाणी घालून बनते साठ मिलीची! म्हणजे एक बाटली सव्वातीन दिवसांत संपते, नेमका तेव्हाच ताप उतरलेला असतो, पुरळ फिकं पडलेलं असतं, आणि बाटली संपली म्हणजे कोर्स संपला असं घरात ठरून जातं. अर्धवट कोर्सचं सगळ्यात मोठं कारण निष्काळजीपणा नाही, ही साठ मिलीची बाटली आहे. तीन बाटल्या आजच आणा पण एकदम पाणी घालू नका, पाणी घातलेलं औषध बहुतेक कंपन्यांचं आठवडाभरच टिकतं, पहिली संपत आली की दुसरी बनवा. पाणी उकळून गार केलेलं, आधी बाटली हलवून पावडर मोकळी करायची, मग पाणी दोन हप्त्यांत खुणेपर्यंत भरायचं, फेस खाली बसला की पुन्हा खूण बघायची. डोस चमच्याने नको, सुई नसलेल्या सिरिंजने मोजा. आणि हा हिशोब तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघा, सायरपची ताकद वेगळी असेल तर मिली बदलतील.

ओपीडीतल्या त्या केसमधल्या मुलीला मी असंच दहा दिवसांचं सायरप दिलं. दादा मात्र औषध बघूनच ओकायचा, वजन २९ किलो, त्याला बेंझाथिन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन दिलं, तेच ते पेनिड्यूर. २७ किलोच्या वर १२ लाख युनिट, खाली ६ लाख, एकदाच, ते स्नायूतून हळूहळू रक्तात उतरत राहतं म्हणून दहा दिवसांचा प्रश्नच मिटतो. दुखतं भरपूर, औषध दाट असल्याने सुई अडकते, आणि गंभीर ॲलर्जी अगदी क्वचित होते पण होते, म्हणून ते सगळी तयारी असलेल्या ठिकाणीच घ्यायचं आणि नंतर अर्धा तास तिथेच बसायचं. चोवीस तासांनंतर दोघांचा संसर्ग पसरायचा थांबला, ताप गेल्यावर दोघं शाळेत गेली. नवव्या दिवशी आई पुन्हा धावत आली, मुलीच्या बोटांच्या टोकांची सालपटं निघत होती, तिला वाटलं औषधाची रिॲक्शन. ती रिॲक्शन नाही, पुरळ ओसरल्यावर बोटांची, तळव्यांची, जांघेची कातडी अशी सोलली जातेच, कधी दोन-तीन आठवडे चालतं, त्यातून संसर्ग होत नाही, खोबरेल तेल लावा आणि सोलू देऊ नका. औषध तेवढं दहाव्या दिवसापर्यंत चालू ठेवायला सांगितलं.

तुमच्याकडे औषध सुरू झाल्यावर दोन दिवसांत ताप उतरायला हवा. उतरला नाही तर औषध बदलू नका, डायग्नोसिस पुन्हा तपासून घ्या. पाच दिवस होऊनही ताप, डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ लाल होऊन फाटलेले, हात-पाय सुजलेले, असं असेल तर कावासाकीचा विचार झालाच पाहिजे, त्यातही जीभ हुबेहूब अशीच होते. तो बहुतेक पाच वर्षांखालच्या मुलांत होतो पण मोठ्यांत होतच नाही असं नाही, त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगतात, पेनिसिलिनचा काही उपयोग नसतो आणि त्याचं इंजेक्शन दहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. स्वॅब पॉझिटिव्ह आहे म्हणून कावासाकी नाही असं म्हणता येत नाही, घशात जंतू नुसता राहणाऱ्या मुलांचं वर सांगितलंच.

तापासाठी पॅरासिटामॉल, १८ किलोला ५ मिलीत २५० वालं ५ मिली, सहा तासांनी, लागलं तरच. ॲस्पिरिन नको. गार दूध, ताक, मऊ भात, जे गिळवेल ते.

घरात दुसऱ्या कोणाचा घसा दुखायला लागला किंवा ताप आला तर पुरळ नसलं तरी त्याचा स्वॅब करा, ज्यांना काहीच त्रास नाही त्यांचा नको. आणि एका गोष्टीची हमी पेनिसिलिन देत नाही, मूत्रपिंडाची सूज. घसा दुखल्यानंतर दीड-दोन आठवड्यांनी काही मुलांत चेहरा, खास करून सकाळी डोळ्यांखाली, सुजतो आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची, कमी होते. हे औषध नीट घेऊनही होऊ शकतं, बहुतेक मुलं त्यातून पूर्ण बरी होतात पण रक्तदाब वाढतो म्हणून त्याच दिवशी दाखवावं लागतं. पुढचे तीन आठवडे लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवा, आणि त्या काळात सांधे दुखून सुजले, दम लागला किंवा अक्षर अचानक बिघडलं तरी दाखवा, जाताना स्वॅबचा रिपोर्ट बरोबर न्या.